टॅगमधला देश आणि माणसाचा देश

ओळखीतल्या एका सोसायटीत मध्यंतरी एक निनावी पत्र आलं. मेंटेनन्सच्या हिशेबात घोळ आहे असा मजकूर, शुद्ध मराठीत लिहिलेला, आणि नव्याने उघडलेल्या ईमेल पत्त्यावरून सगळ्या सभासदांना गेलेला. सोबत वर्डची फाइल. आरोपांचं उत्तर द्यायचं सोडून लिहिणारा कोण याचाच शोध आधी सुरू झाला. कमिटीतल्या एका उत्साही सभासदाने फाइलच्या नावातलं `.docx` काढून `.zip` केलं, ती उलगडली, आतल्या `word/styles.xml` मधली एक ओळ शोधली आणि तिचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला.

```xml
<w:lang w:val="en-US" w:eastAsia="zh-CN" w:bidi="hi-IN"/>
```

खाली त्याचं भाष्य: "हे बघा, `hi-IN`. मराठी माणसाच्या फाइलमध्ये हिंदी कशाला येईल?" इमारतीत हिंदी बोलणारं भाडेकरूंचं एकच कुटुंब. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. अर्ध्या तासात त्यांचं नाव न घेता त्यांच्याबद्दल बरंच बोलून झालं. शेवटी एका आजोबांनी विचारलं, "अहो, त्याच ओळीत `zh-CN` पण दिसतंय. मग काय पत्र चीनमधून आलंय?" त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. आजोबांना यातलं तांत्रिक काही ठाऊक नव्हतं, पण प्रश्न अगदी नेमका होता.

त्या ओळीचा अर्थ साधा आहे. वर्डच्या फाइलमध्ये मजकुराचे तीन गट मानलेले असतात: रोमनसारख्या लिप्या, चिनी-जपानी-कोरियन लिप्या, आणि देवनागरी किंवा अरबीसारख्या, जिथे अक्षरं एकमेकांना जोडून मांडावी लागतात अशा लिप्या. `w:val`, `w:eastAsia` आणि `w:bidi` या त्या तीन गटांच्या जागा. प्रत्येक गटातला मजकूर आला तर त्याचं शुद्धलेखन कोणत्या भाषेच्या नियमांनी तपासायचं, हे तिथे लिहिलेलं असतं. आता लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात कुणी काही बदललं नसेल, तर दुसऱ्या जागी सहसा `zh-CN` आणि तिसऱ्या जागी `hi-IN` आपोआप भरलेलं असतं. जर्मनीतल्या एखाद्या बाईंनी लिब्रेऑफिसमध्ये जर्मन पत्र लिहून ते `.docx` म्हणून साठवलं, तरी त्यात चिनी आणि हिंदी अशीच बसलेली सापडते. त्या बाईंनी आयुष्यात देवनागरीचं एक अक्षर लिहिलेलं नसतं. थोडक्यात, सोसायटीतल्या त्या ओळीवरून फार तर एवढं म्हणता आलं असतं की फाइल बहुधा लिब्रेऑफिसमधून निघाली आहे आणि लिहिणाऱ्याने भाषेच्या सेटिंगला हात लावलेला नाही. लिहिणारा मराठी की हिंदी, मुंबईचा की मुझफ्फरपूरचा, याबद्दल त्या ओळीत एक शब्दही नव्हता.

भाषेच्या टॅगला, म्हणजे `hi-IN` सारख्या संकेताला, लागलेलं `IN`, `US`, `GB` हे शेपूट माणसाबद्दल बोलतं अशी समजूत फार पसरलेली आहे. ती फक्त सोसायटीच्या ग्रुपवर असती तर सोडून देता आली असती. पण तीच समजूत अर्जांच्या छाननीत दिसते, ग्राहकांच्या याद्यांत दिसते, समाजमाध्यमांवर कोण 'आपला' आणि कोण 'बाहेरचा' हे ठरवण्याच्या हौसेत दिसते. माझं म्हणणं असं की हे शेपूट भाषेच्या एका प्रादेशिक वळणाकडे बोट दाखवतं, आणि त्यावरून माणसाचं मूळ काढणं हे चुकीचं तर आहेच, शिवाय त्याचा भुर्दंड नेहमी त्याच लोकांना पडतो ज्यांना तो आधीच पडत आलेला असतो.

हे टॅग आले कुठून ते आधी बघू. इंटरनेटवरच्या मजकुराची भाषा सांगायची सामायिक पद्धत १९९५ साली `RFC 1766` या दस्तऐवजाने घालून दिली. आज चालते ती २००९ ची आवृत्ती, `RFC 5646`. तिच्यानुसार टॅगचा पहिला तुकडा भाषा सांगतो, मग गरज असेल तर लिपी, आणि मग गरज असेल तर प्रदेश. हा प्रदेशाचा तुकडा कशासाठी, हेही तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे: त्या प्रदेशाशी जोडलेले भाषेतले फरक दाखवण्यासाठी, म्हणजे तिथली बोलण्याची पद्धत, तिथलं स्पेलिंग, किंवा एखाद्या मोठ्या भूभागात सगळीकडे चालेल अशा बेताने लिहिलेला मजकूर. वाचणाऱ्याचं किंवा लिहिणाऱ्याचं नागरिकत्व, जन्मगाव, सध्याचा पत्ता यांतलं काहीही त्या व्याख्येत बसत नाही.

ही व्याख्या नुसती कागदावर आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्याने `es-419` हा टॅग बघावा. `es` म्हणजे स्पॅनिश. `419` हा कुठल्या देशाचा क्रमांक नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकीत लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन मिळून जो भूभाग होतो, त्याचा तो आकडा आहे. मेक्सिको, कोलंबिया, पेरू, चिली या सगळ्यांना वाचताना खटकणार नाही अशी स्पॅनिश, एवढाच त्याचा अर्थ. ४१९ नावाच्या देशाचं पारपत्र कुणाकडे नाही. तसंच `en-001`. `001` म्हणजे सगळं जग. बहुतेक फोन आणि ब्राउझर ज्या सामायिक कोठारातून भाषांची माहिती घेतात, त्या सीएलडीआरमध्ये `en-IN` ला एखादी गोष्ट स्वतःकडे सापडली नाही, तर ती आधी या `en-001` कडे बघते. भारतीय इंग्रजी ही 'जागतिक इंग्रजी'ची शाखा धरली आहे. इथे कोण कुणाचा वंशज आहे ते स्पेलिंगच्या आणि तारखेच्या हिशेबाने ठरलंय, रक्ताच्या नाही.

पादत्राणांच्या दुकानात आपण 'यूके आठ' मागतो. दुकानदार आपल्याला ब्रिटिश समजत नाही. पायाचं माप कोणत्या पट्टीने मोजलंय एवढंच त्याला कळतं. `en-GB` निवडणाऱ्याबद्दलही एवढंच कळतं. (जाता जाता: टॅगमध्ये `en-UK` लिहिणं चूक आहे. ब्रिटनचा अधिकृत संकेत `GB` आहे. तरी कित्येक फॉर्ममध्ये `en-UK` दिसतं, आणि ते लिहिणारेच सहसा टॅगवरून लोकांचे देश ओळखायला निघालेले असतात.)

मग लोक हे शेपूट निवडतात तरी कशासाठी? बहुतेक जण निवडतच नाहीत, ते आयतं आलेलं असतं. हा मुद्दा पुन्हा येईल. पण जे जाणून निवडतात त्यांची कारणं अगदी व्यवहारी असतात. एकच तारीख आणि एकच रक्कम वेगवेगळ्या टॅगखाली कशी छापली जाते ते कोणत्याही ब्राउझरच्या कन्सोलमध्ये करून बघता येतं:

```js
new Date(2025, 6, 4).toLocaleDateString('en-US'); // 7/4/2025
new Date(2025, 6, 4).toLocaleDateString('en-IN'); // 4/7/2025
(1234567).toLocaleString('en-GB');                // 1,234,567
(1234567).toLocaleString('en-IN');                // 12,34,567
(2025).toLocaleString('mr');                      // २,०२५
```

पहिल्या चारही ओळींत भाषा इंग्रजीच. पण ४ जुलै अमेरिकन पद्धतीत ७ एप्रिल वाटू शकते, आणि लाखाचा स्वल्पविराम ब्रिटिश पद्धतीत दिसतच नाही. पगारपत्रक बनवणारा माणूस `en-IN` घेईल, कारण त्याला बारा लाख चौतीस हजार एका नजरेत वाचायचे आहेत. तोच माणूस लंडनच्या प्रकाशकासाठी लेख लिहीत असेल तर `en-GB` घेईल, म्हणजे 'कलर'च्या स्पेलिंगखाली लाल रेघ येणार नाही. दोन्ही फाइली एकाच टेबलावर, एकाच दुपारी तयार झालेल्या असू शकतात.

यातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण लिनक्स वापरणाऱ्यांचं आहे. त्यांच्यातल्या पुष्कळांना तारीख वर्ष-महिना-दिवस अशी हवी असते, कारण फाइलींच्या नावात ती तशी लिहिली की फाइली आपोआप क्रमाने लागतात. पण इंग्रजीच्या बहुतेक सेटिंगांत तशी तारीख मिळत नाही. ती `en_DK` मध्ये मिळते. `DK` म्हणजे डेन्मार्क. म्हणून जगभरचे लोक, पुण्यातलेही, आपल्या सेटिंगमध्ये हे लिहून ठेवतात:

```
LANG=en_IN.UTF-8
LC_TIME=en_DK.UTF-8
```

पहिली ओळ सांगते की सर्वसाधारण भाषा आणि पद्धती भारतीय इंग्रजीच्या. दुसरी सांगते की फक्त तारीख-वेळ 'डेन्मार्कच्या इंग्रजी'ची. डेन्मार्कमध्ये लोक डॅनिश बोलतात. इंग्रजी तिथे शिकलेली भाषा आहे. म्हणजे हा टॅग वापरणाऱ्यांत डेन्मार्क न पाहिलेलेच जास्त असणार. या दोन ओळी वाचून 'हा माणूस भारतीय वंशाचा डॅनिश नागरिक दिसतो' असा निष्कर्ष काढणारा कुणी भेटला तर आपण हसू. पण `hi-IN` वाचून 'हा उत्तरेकडचा' म्हणणाऱ्याने नेमकं तेच केलेलं असतं, आणि तिथे कुणी हसत नाही.

या गैरसमजाला सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनीही खतपाणी घातलंय. जावा या भाषेत टॅगचं शेपूट काढून घ्यायच्या आज्ञेचं नाव आहे `getCountry()`. लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या फाइल-रचनेत त्या रकान्याला `fo:country` म्हणतात. नवीन लागलेला प्रोग्रॅमर हे नाव वाचतो, आलेलं उत्तर डेटाबेसमध्ये `country` नावाच्या रकान्यात टाकतो, आणि सहा महिन्यांनी मार्केटिंगचा माणूस त्या रकान्यावरून तक्ता काढून सांगतो की आपले निम्मे ग्राहक अमेरिकेत आहेत. या साखळीत खोटं कुणीच बोललेलं नसतं. फक्त प्रत्येकाने आधीच्याने दिलेलं नाव खरं मानलेलं असतं.

असे तक्ते बिघडलेत हे कसं ओळखायचं, ते एका फोनवरून बघू. समजा साताऱ्यातल्या एका शिक्षिकेने नवा फोन घेतला. पहिल्या स्क्रीनवर भाषा विचारली गेली, तिथे 'इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)' आधीच निवडलेलं होतं, त्यांनी 'पुढे' दाबलं. नंतर मराठी बातम्या वाचता याव्यात म्हणून ब्राउझरमध्ये मराठी जोडली. आता त्यांचा ब्राउझर प्रत्येक वेबसाइटला साधारण अशी ओळ पाठवतो:

```
Accept-Language: en-US,en;q=0.9,mr;q=0.8
```

`q` हा पसंतीचा आकडा आहे. दिलेला नसेल तर तो १ धरतात. ओळीचं वाचन असं: अमेरिकन वळणाची इंग्रजी असेल तर ती द्या, नाहीतर कोणतीही इंग्रजी, आणि तीही नसेल तर मराठी. सातारा, भारत, शिक्षिका, यांपैकी काही त्यात नाही. एखाद्या साइटने `US` वाचून त्यांना डॉलरमध्ये किमती दाखवल्या, किंवा 'आपल्या राज्यात' म्हणून टेक्सासचं नाव काढलं, तर चूक फोनची नाही आणि बाईंचीही नाही. देश ओळखायला जोडणीच्या पत्त्यावरून अंदाज घेण्याचा वेगळा मार्ग आहे, तोही चुकतो, पण निदान तो जागेबद्दलचा तरी असतो. वेबसाइटच्या वाचकांची आकडेवारी दाखवणाऱ्या चांगल्या साधनांत म्हणूनच भाषा आणि देश हे दोन वेगळे रकाने असतात. दोन्ही शेजारी ठेवून बघितले की गोंधळ लगेच उघडा पडतो: जोडणी भारतातली आणि भाषा `en-US` अशा वाचकांचा गठ्ठाच्या गठ्ठा दिसतो. ते अनिवासी नसतात. त्यांनी फक्त 'पुढे' दाबलेलं असतं.

इथे एक अडचण मान्य करायला हवी, कारण विषयाचे जाणकार तीच काढतात. ते म्हणतात, शेपूट नेहमी भाषेचं वळणच सांगतं असंही नाही. बरोबर आहे. आयफोनमध्ये भाषा आणि प्रदेश या दोन वेगळ्या सेटिंग आहेत, आणि फोन त्या दोन्ही जोडून अ‍ॅपला एकच टॅग देतो. न्यू जर्सीतल्या एखाद्या काकूंनी भाषा मराठी आणि प्रदेश अमेरिका ठेवला असेल, तर अ‍ॅपला `mr-US` दिसतो. 'अमेरिकन मराठी' नावाचं प्रमाण वळण कुणी ठरवलेलं नाही. तिथे `US` चा अर्थ तारखा, चलन, तापमान अमेरिकन रिवाजाने दाखवा, इतकाच. म्हणजे एकाच खुर्चीत दोन वेगवेगळ्या गोष्टी बसवल्या गेल्या: भाषेचं वळण आणि आकडे-तारखांचा रिवाज. ही रचना माझ्या मते सदोषच आहे. पण या दोषामुळे मूळ मुद्दा दुबळा होत नाही, उलट पक्का होतो. ज्या खुर्चीत कधी हा बसतो, कधी तो, तिच्याकडे बघून घरमालकाचं गाव सांगणं आणखीच अशक्य. आणि त्या काकू तिथे नागरिक आहेत, मुलाकडे सहा महिने राहायला गेल्यात, की परतल्यावर सेटिंग बदलायचं राहून गेलंय, यातलं `mr-US` काहीच सांगत नाही.

यावर सुटका आहे, ती फारशी माहीत नाही इतकंच. टॅगला पुढे `-u-` लावून रिवाज वेगळा सांगता येतो. `en-US-u-rg-inzzzz` म्हणजे इंग्रजी अमेरिकन, पण प्रदेशावर अवलंबून असलेल्या बाकीच्या पद्धती भारताच्या. `mr-u-nu-latn` म्हणजे मराठी, पण अंक 1, 2, 3 असे. २०२३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १४ मध्ये तापमानाचं एकक, आठवड्याचा पहिला दिवस, अंकांची पद्धत या गोष्टी भाषेपासून सोडवून वेगळ्या ठेवायची सोय आली, ती याच जातीची. प्रत्येक अ‍ॅप हे पाळतं असं नाही. `rg` कडे तर पुष्कळ सॉफ्टवेअर सरळ दुर्लक्ष करतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. "सिद्धांत राहू द्या, पण अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो ना? मराठीचा टॅग असलेले बहुतेक लोक भारतातलेच असणार." असणारच. मराठीभाषकांची वस्तीच मुख्यतः इथे आहे, त्यामुळे `mr` म्हटलं की अंदाज बरोबर यायचाच. पण नीट बघा, तो अंदाज `mr` वरून आला, `IN` वरून नाही. शेपूट तोडलं असतं तरी तो तितकाच बरोबर आला असता. शेपटाने नवीन काहीच सांगितलं नाही. आणि जिथे शेपटावरच भिस्त आहे, म्हणजे इंग्रजीत, तिथे ते सगळ्यात कमी भरवशाचं, कारण `en-US` हे कित्येक उपकरणांत आयतं येतं.

शिवाय बरोबर आलेल्या अंदाजांचा फायदा कुणाला होतो आणि चुकलेल्यांचा त्रास कुणाला, हेही विचारायला हवं. चुकीच्या बाजूला कोण पडतं ते बघा. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्यांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणवतात, मराठी शिकतात. इस्रायलमधले बेने इस्राएल मराठी बोलत तिथे गेले. त्यांच्यासाठी `mr-MU` किंवा `mr-IL` लिहिणं नियमाने पूर्ण वैध आहे, पण सीएलडीआरमध्ये त्यांच्या नावाची माहितीच नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर त्यांना मुकाट्याने साध्या मराठीवर आणतं. विंडोजच्या यादीत तर 'मराठी (भारत)' एवढाच पर्याय असतो. मॉरिशसच्या शिक्षकाने तो निवडला तर त्याने स्वतःला भारतीय म्हटलं असं होत नाही. त्याला दुसरं काही दिलंच नव्हतं. आणि मुंबईत जन्मलेली, मराठी शाळेत शिकलेली, पण घरात हिंदी चालते म्हणून फोन हिंदीत ठेवणारी मुलगी? तिच्या फोनमधलं `hi-IN` बघून तिला 'बाहेरची' म्हणणाऱ्याने `hi` मधून तिची जात-पात काढली आणि `IN` कडे पाहिलंच नाही, जे त्याच्याच तर्काने तिला भारतीय म्हणत होतं. हा प्रकार पुरावा शोधण्याचा नाही. निकाल आधीच लागलेला असतो आणि टॅग नंतर हुडकला जातो.

भाषेच्या पसंतीवरून माणसाचा समाज ओळखता येऊ शकतो, ही भीती वेब घडवणाऱ्यांना फार आधीपासून होती. १९९९ सालच्या `RFC 2616` मध्ये, म्हणजे वेबच्या तेव्हाच्या नियमावलीतच, `Accept-Language` बद्दल सावधगिरीची सूचना आहे: अमुक भाषा समजणं आणि अमुक वांशिक गटातलं असणं यांचा पुष्कळदा जवळचा संबंध असतो, त्यामुळे ही ओळ वापरणाऱ्याची खासगी गोष्ट उघड करू शकते. आक्षेप घेणारे हे वाक्य आपल्या बाजूने वापरतात: बघा, संबंध आहे असं त्यांनीच म्हटलंय. पण ते सांगतंय ते जपून राहायला. कुणाचा तरी धर्म आडनावावरून 'बहुतेक वेळा' कळतो, म्हणून भाड्याने घर देताना आडनाव बघावं असं आपण उघडपणे तरी म्हणत नाही.

आपल्याकडे तर शेपूट आणखी निकामी ठरतं, कारण मराठीतले खरे फरक देशाच्या हद्दीवर पडतच नाहीत. कोल्हापूर आणि नागपूर यांच्यात फरक आहे, आणि दोन्हीकडे शेपूट `IN` च. वऱ्हाडीला टॅग हवा असेल तर तो प्रदेशाच्या जागी मिळत नाही, भाषेच्या जागी मिळतो: `vah`. अहिराणीला `ahr`. गोव्यात कोंकणी एकाच गावात, कधी एकाच घरात, देवनागरीत आणि रोमीत लिहितात. तिथे भेद दाखवतो तो लिपीचा तुकडा, `gom-Deva` आणि `gom-Latn`. `IN` दोन्हींना सारखंच. मोडीतल्या जुन्या कागदाची प्रतिमा ऑनलाइन ठेवताना `mr-Modi` लिहिता येतं आणि ते अगदी नियमाला धरून आहे. साध्या मराठी मजकुराला मात्र `mr` पुरतं. ज्या तुकड्याने काही वेगळं कळत नाही तो जोडू नका, हा तर `RFC 5646` चाच सल्ला. `IN` लावून आपण मजकुराबद्दल काही सांगत नाही, आणि वाचणाऱ्याला मात्र माणसाबद्दल काहीतरी कळल्याचा भास होतो.

त्यामुळे माझी मागणी फार मोठी नाही. सरकारी असो वा खासगी, ज्या फॉर्मला माणसाचा देश हवा आहे त्याने तो थेट विचारावा, आणि कोणता देश ते सांगावं: राहण्याचा, नागरिकत्वाचा, की कर भरण्याचा. तिन्ही वेगळे असू शकतात, आणि तिन्ही फोनच्या सेटिंगमध्ये नाहीत. भाषा विचारायची असेल तर तीही वेगळी विचारावी, आणि यादीत भाषांपुढे झेंडे लावू नयेत. इंग्रजीपुढे कोणाचा झेंडा लावणार आणि मराठीपुढे कोणाचा, हा वाद सुटणारा नाही. प्रोग्रॅमरने टॅग साठवताना रकान्याला `locale` म्हणावं, `country` नव्हे, आणि तक्ता काढणाऱ्याने त्या रकान्याचं शीर्षक 'इंटरफेसची भाषा' असंच ठेवावं. जुन्या डेटाबेसमध्ये `country` नावाखाली टॅगची शेपटं साठली असतील, तर ती पुसलेली बरी. त्यांतून खरा देश परत काढता येत नाही, कारण तो कधी नोंदलाच गेला नव्हता.